एका स्लाइडमध्ये कोंबलेला पाऊस

स्लाइडवर सात मुद्दे होते, सह्याद्रीची एक आकृती होती आणि त्या आकृतीत अकरा नावं लिहिलेली होती. उजव्या कोपऱ्यात पावसाच्या आकड्यांचा तक्ता, त्याखाली धुक्यातल्या महाबळेश्वरचा फोटो आणि वर कॉलेजचं बोधचिन्ह. विषय होता प्रतिरोध पर्जन्य. समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे डोंगराला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाऊस पाडतात. डोंगरापलीकडे मात्र पर्जन्यछायेचा कोरडा प्रदेश तयार होतो. दहावीपासून सगळ्यांनी वाचलेली ही गोष्ट दूरस्थ शिक्षणाच्या विद्यार्थ्यांसाठी व्हिडिओच्या रूपात हवी, म्हणून भूगोलाच्या एका मॅडमनी ती स्लाइड माझ्याकडे पाठवली होती. मी अशी व्याख्यानं व्हिडिओत उतरवण्याचं काम करतो.

काम सुरू करण्याआधी मी त्यांच्या वर्गात जाऊन बसलो. त्या एका स्लाइडवर मॅडम नऊ मिनिटं बोलल्या. हातातली पट्टी आधी समुद्रावर, मग कोकणावर, मग घाटमाथ्यावर. मुलांचे डोळे पट्टीच्या टोकाबरोबर फिरत होते. स्लाइडवरच्या बाकीच्या गोष्टींकडे कुणी पाहत नव्हतं, कारण कुठे पाहायचं ते मॅडमचा हात सांगत होता. एका मुलाच्या कपाळावर आठी दिसली तेव्हा त्या थांबल्या, मागे गेल्या आणि तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत बोलल्या. व्हिडिओत हा हात नसतो आणि ती आठी कुणाला दिसत नाही. स्लाइड तीच ठेवून त्यावर नुसता आवाज चढवला, तर विद्यार्थ्यासमोर नऊ मिनिटं एकच गच्च भरलेला फळा उभा राहतो. आवाज कोकणात असतो तेव्हा डोळे तक्त्यात अडकलेले असतात.

मॅडमनी याआधी एकदा स्वतः व्हिडिओ करून पाहिला होता. प्रत्येक मुद्दा डावीकडून सरकत येई, आणि तो आला की त्या तो मोठ्याने वाचत. बहुतेक जण पहिल्यांदा असंच करतात, कारण हलणारा मजकूर म्हणजे ॲनिमेशन असं वाटतं. या पद्धतीतली अडचण नीट समजली, की पुढचं निम्मं काम सोपं होतं. आपण ऐकतो कानाने, पण चित्र आणि लिहिलेला मजकूर या दोन्ही गोष्टींना डोळेच लागतात. मजकूर वाचायला गेलेले डोळे तेवढा वेळ चित्रावर नसतात. त्यात मनातल्या मनात वाचण्याचा वेग बोलण्याहून जास्त असतो. विद्यार्थी मुद्द्याच्या शेवटी पोचतो तेव्हा आवाज अजून मध्यावर असतो. मग तो नकळत आवाज आणि अक्षरं यांचा मेळ घालत बसतो, आणि वारा डोंगर का चढतो या प्रश्नाला त्याच्याकडे जागाच उरत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या शाखेत रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाने या विषयावर अनेक वर्षं प्रयोग केले. त्यातला २००१ सालचा, पॉल चँडलर यांच्याबरोबर केलेला प्रयोग आमच्या पावसाच्या अगदी जवळचा आहे. वीज कशी चमकते, हे सांगणारं १४० सेकंदांचं निवेदनासह ॲनिमेशन त्यांनी घेतलं. एका गटाला ते सलग दाखवलं. दुसऱ्या गटासाठी त्याचे १६ तुकडे केले. प्रत्येक तुकड्यात एखाद-दोन वाक्यं आणि आठ-दहा सेकंदांचं चित्र होतं, आणि पुढे जाण्यासाठी विद्यार्थ्याने स्वतः बटण दाबायचं होतं. शब्द तेच आणि चित्रंही तीच. तरीही शिकलेलं नव्या प्रश्नाला लावून पाहण्यात तुकड्यातुकड्याने पाहणारे पुढे राहिले. मला यातला ‘तुकडा’ महत्त्वाचा वाटतो. एक कारण आणि त्याचा एक परिणाम इतकंच त्यात मावतं. ते मनात बसायला क्षणभर मिळाला, की पुढचं कारण त्यावर उभं राहू शकतं.

म्हणून स्लाइड उघडायचीच नाही, असं आम्ही ठरवलं. मॅडमचं वर्गातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं होतं, ते कागदावर उतरवलं. नऊ मिनिटांचे साधारण हजार शब्द झाले. समजावून सांगताना मराठीत मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द आरामात बोलता येतात, त्यापुढे घाई ऐकू येऊ लागते. मग लाल पेन घेऊन वर्गापुरती असलेली वाक्यं खोडली: मागच्या तासाची आठवण, शांत बसा, परीक्षेला हे येतं. शेवटी ४८० शब्द राहिले.

कागदाची डावी बाजू निवेदनाला आणि उजवी चित्राला दिली. डावीकडचं प्रत्येक वाक्य वाचताना एकच प्रश्न विचारायचा: हे ऐकताना विद्यार्थ्याने नेमकं काय पाहत असावं? उत्तर बदललं, की तिथे रेघ मारायची. ती रेघ म्हणजे दृश्याची हद्द. स्लाइडवर सात मुद्दे होते म्हणून सात दृश्यं, असा हिशेब इथे चालत नाही. ‘नैऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात व सह्याद्रीला अडतात’ या एका मुद्द्यात बाष्प, प्रवास आणि अडणं अशी तीन वेगळी चित्रं आहेत. दुसरीकडे ‘वाताभिमुख उतार’ आणि ‘वातविमुख उतार’ हे दोन मुद्दे एकाच चित्रात, शेजारी शेजारीच कळतात.

आमची दृश्यं अशी निघाली. पहिल्यात नकाशावर फक्त दोन ठिपके, महाबळेश्वर आणि वाई. रस्त्याने दोन्हींत तीस-बत्तीस किलोमीटरचं अंतर. महाबळेश्वरच्या ठिपक्यावर पावसाचा स्तंभ वाढत वाढत वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे जातो, वाईचा हजाराच्या आतच थांबतो. निवेदन एवढंच विचारतं, की इतक्या जवळच्या दोन गावांत हा फरक कशामुळे. मूळ स्लाइडवर हा तक्ता सहा गावांचा होता. चार गावं काढली तेव्हा मॅडमना वाईट वाटलं, पण प्रश्न उभा करायला दोनच पुरेशी होती.

दुसऱ्या दृश्यात जमीन आडवी कापून दाखवली आहे: डावीकडे समुद्र, मग कोकणपट्टी, सह्याद्रीची भिंत आणि उजवीकडे पठार. चार नावं, आणि ती बाजूच्या सूचीत नसून त्या त्या जागेवरच लिहिलेली. वारा अजून आलेला नाही. नावं उमटल्यावर दोन सेकंद काहीच हलत नाही, बोलणंही थांबतं. हे दोन सेकंद मी कधी सोडत नाही, कारण पुढची सगळी घडामोड याच रंगमंचावर होणार असते आणि विद्यार्थ्याला आधी तो ओळखीचा व्हावा लागतो. तिसऱ्या दृश्यात समुद्रावरून निळा बाण निघतो आणि त्यात बाष्पाचे ठिपके भरत जातात.

खरी कसोटी चौथ्या दृश्यात होती. वर चढणारी हवा थंड का होते? आम्ही केलेल्या पहिल्या मसुद्यात हवेचा एक पुंजका फुग्यासारखा डोंगरावर चढत होता, शेजारी तापमापीतला पारा उतरत होता, ढग जमू लागला होता, आणि मॅडम सांगत होत्या की कोरडी हवा दर किलोमीटरला साधारण दहा अंशांनी थंड होते, पण ढग बनू लागला की बाष्पातली गुप्त उष्णता बाहेर पडते आणि हा दर पाच-सहा अंशांवर येतो. मजकूर बरोबर होता, चित्रही देखणं झालं होतं. तीन विद्यार्थ्यांना ते मोबाइलवर दाखवलं आणि हवा थंड का झाली ते विचारलं. दोघांनी सांगितलं, “वर डोंगर थंड असतो, म्हणून.”

हा गैरसमज आमच्या चित्रानेच घट्ट केला होता. डोंगर आणि पुंजका एकमेकांना चिकटून होते आणि पारा त्याच वेळी उतरत होता. डोळ्यांनी सोपं कारण उचललं. आवाज दाबाबद्दल काही सांगत होता, पण ते ऐकायला मन मोकळं नव्हतं. कारण त्याच क्षणी चार गोष्टी हलत होत्या. दृश्य लादलं गेल्याची ही ठळक खूण आहे. विद्यार्थी ‘कळलं नाही’ असं म्हणत नाही, तो आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर देतो.

आम्ही त्या दृश्याचे दोन भाग केले. पहिल्यात डोंगर फिका करून मागे सारला आणि पुंजका मधोमध घेतला. निवेदन: “वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो. दाब कमी झाला, की हा पुंजका फुगतो.” पुंजका ‘फुगतो’ या शब्दावर फुगतो आणि थांबतो. दोन सेकंद शांतता. दुसऱ्या भागात: “फुगताना तो भोवतालच्या हवेला बाजूला ढकलतो. त्यासाठी लागणारी ऊर्जा तो स्वतःच्याच उष्णतेतून खर्च करतो, म्हणून गार होतो.” तापमापी इथे पहिल्यांदा पडद्यावर येते आणि ‘गार’ या शब्दावर पारा उतरतो. गुप्त उष्णता आणि अंशांचे दर या व्हिडिओतून पूर्ण काढले. मॅडमचा त्याला विरोध होता, आणि तो रास्तच होता, कारण पदवीच्या अभ्यासक्रमात ते येतं. म्हणून त्यासाठी तीन मिनिटांचा वेगळा व्हिडिओ केला. तो याच पुंजक्यापासून सुरू होतो. ज्याला हा पहिला कळला आहे, त्याला तो सहज पेलतो.

पुढची दृश्यं भराभर सुटली. पुंजका गार होतो, त्यातल्या बाष्पाचे थेंब होतात आणि ढग दिसतो. मग उतारावर आणि माथ्यावर पाऊस. मग हवा पलीकडे उतरते, दाबली जाते, तापते आणि ढग विरतो. शेवटी पुन्हा तोच नकाशा आणि तेच दोन ठिपके. फक्त उताराच्या दृश्यात एक गोष्ट मुद्दाम केली. तोवर एका वेळी एकच भाग उजळ ठेवत होतो, इथे मात्र डोंगराच्या दोन्ही बाजू एकत्र उजळल्या. चढणारा पुंजका फुगतो आणि उतरणारा आक्रसतो ही तुलनाच तिथला मुद्दा आहे, आणि ती दोन दृश्यांत विभागली असती तर एक बाजू पाहताना दुसरी डोक्यात धरून ठेवण्याचं ओझं विद्यार्थ्यावर आलं असतं. दृश्य हलकं करण्याच्या नादात ज्या दोन गोष्टींचं नातं दाखवायचं आहे त्यांनाच वेगळं पाडलं, तर तेही ओझंच. शिवाय सगळ्या दृश्यांत डोंगर जागचा हलत नाही आणि वारा कायम निळा राहतो. चित्र दरवेळी नवं असलं, की प्रत्येक वेळी पहिले काही क्षण ‘हे काय आहे’ यातच जातात.

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. हे सगळं पॉवरपॉइंटमध्येच केलं. एका स्लाइडची प्रत काढायची, पुंजका नव्या जागी सरकवून मोठा करायचा आणि दुसऱ्या स्लाइडला `Morph` हे संक्रमण द्यायचं. मधली हालचाल आपोआप होते. कधी कधी भलताच आकार हलतो. तेव्हा `Selection Pane` मध्ये दोन्ही स्लाइडवरच्या त्या आकाराला `!!punjka` असं एकच नाव द्यायचं. सुरुवातीची दोन उद्गारचिन्हं पाहून पॉवरपॉइंट त्या दोन आकारांची जोडी लावतं. एकाच स्लाइडवरच्या हालचालींसाठी `Animation Pane` मध्ये प्रत्येक हालचालीला `After Previous` आणि `Delay` मध्ये सेकंद द्यायचे, म्हणजे टिचकीवर काही अवलंबून राहत नाही.

मात्र क्रम आधी आवाज, मग हालचाल असाच ठेवावा. आवाज दृश्यागणिक वेगळा ध्वनिमुद्रित केला, तर एक वाक्य चुकलं म्हणून सगळं पुन्हा बोलावं लागत नाही. पॉवरपॉइंटमध्येच बोलणं ध्वनिमुद्रित करणार असाल, तर एका स्लाइडवरून दुसरीवर जातानाच्या संक्रमणात आवाज नोंदला जात नाही हे ध्यानात ठेवा. `Morph` दोन सेकंदांचं असेल आणि तुम्ही लगेच बोलू लागलात, तर वाक्याची सुरुवात गिळली जाते. संक्रमण पूर्ण होऊ द्यायचं आणि मगच तोंड उघडायचं. आवाज तयार झाला, की तो ऐकत ऐकत हालचाल त्या त्या शब्दावर बसवायची. बाण शब्दाच्या आधी हलला, तर डोळे त्याच्यामागे जातात आणि वाक्य हरवतं. उशिरा हलला, तर विद्यार्थी पडद्यावर शोधत राहतो. अर्ध्या सेकंदाची चूकसुद्धा जाणवते.

पडद्यावरचा मजकूर अजिबात नको, असं मी म्हणत नाही. ‘पर्जन्यछाया’ हा शब्द पहिल्यांदा येतो तिथे तो लिहिलेला दिसलाच पाहिजे, आकडेही दिसले पाहिजेत. पण शब्द हवेत, वाक्यं नकोत. निवेदनाची पूर्ण अक्षरं ज्यांना लागतात असे विद्यार्थी असतात: ऐकू कमी येणारे, मराठी ही दुसरी भाषा असलेले, गर्दीच्या एसटीत आवाज बंद ठेवून पाहणारे. त्यांच्यासाठी ती वेगळ्या `.srt` फाइलमध्ये द्यावीत, म्हणजे ज्याला हवी तो चालू करील आणि बाकीच्यांचे डोळे चित्रावर राहतील. ही अक्षरं आणि प्लेअरची बटणं पडद्याच्या तळाशीच येतात, म्हणून खालचा सहावा हिस्सा मी रिकामा ठेवतो. दूरस्थ विद्यार्थी बहुधा मोबाइलवरच पाहतो. देवनागरीत मात्रा, रफार आणि जोडाक्षरं बारीक झाली की चिकटतात, त्यामुळे रुंद स्लाइडवर २८ पॉइंटच्या खाली मी जात नाही. तेवढं अक्षर मावत नसेल, तर मजकूरच जास्त आहे.

धुक्यातला फोटो, बोधचिन्ह आणि मागे लावलेली बासरी ही तीन वजनं काढताना कुणाचंच मन तयार नव्हतं. फोटो खरंच सुंदर होता. पण तो दिसला, की मुलांना सहल आठवते आणि पुंजका मागे पडतो. बोधचिन्ह पहिल्या आणि शेवटच्या चौकटीत ठेवलं. मॅडमचा चेहराही सुरुवातीला आणि शेवटीच ठेवला, कारण चेहरा समोर असला की डोळे चेहऱ्याकडेच वळतात.

तयार व्हिडिओ आम्ही दोनदा तपासला. एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून. नुसत्या चित्राने सगळं कळलं, तर पडद्यावर मजकूर जास्त आहे. नुसत्या आवाजाने सगळं कळलं, तर ते चित्र शोभेचं आहे. दोन्ही वेळा काहीतरी अपुरं वाटलं पाहिजे. मग पुन्हा तीन विद्यार्थी बसवले. मध्येच व्हिडिओ थांबवायचा आणि आत्ता तू कुठे पाहत होतास एवढंच विचारायचं. तिघांनी तीन जागा सांगितल्या, तर ते दृश्य फोडायचं.

लांबीबद्दल बरेच जण विचारतात. फिलिप ग्वो, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी २०१४ साली एडएक्सवरच्या व्हिडिओंच्या ६९ लाख पाहण्यांचा अभ्यास मांडला. व्हिडिओ कितीही लांब असो, विद्यार्थी टिकण्याच्या वेळेचा मध्यक फार तर सहा मिनिटंच असतो, असं त्यात दिसलं. हा आकडा किती पाहिलं याचा आहे, किती कळलं याचा नाही. सहा मिनिटांत बसवायचं म्हणून वीस दृश्यं घाईने पळवली, तर तो आकडा पाळून काही साधत नाही. आमचा व्हिडिओ शांततेचे क्षण धरून ४ मिनिटं ५० सेकंदांचा झाला.

चलचित्राचा एक दोष मात्र दृश्यं कितीही हलकी केली तरी जात नाही. जे सरकलं ते पडद्यावरून गेलं. कागदावर नजर मागे नेता येते, इथे बोटाने मागे ओढावं लागतं. म्हणून शेवटच्या नकाशानंतर आम्ही एक स्थिर चौकट ठेवली. चढणारा पुंजका, ढग, पाऊस आणि उतरणारा पुंजका, चारही टप्पे एका डोंगरावर. ती आठ सेकंद तशीच राहते आणि मॅडम बोलत नाहीत. सहा गावांचा तक्ता, अकरा नावांची आकृती आणि सातही मुद्दे व्हिडिओखाली पीडीएफमध्ये दिले. निवांत वाचायला ती स्लाइड चांगलीच होती.

दोन आठवड्यांनी पाहण्याच्या आलेखात एका जागी उंचवटा दिसला. तिथे अनेक जण मागे जाऊन पुन्हा पाहत होते. जागा होती ‘स्वतःच्याच उष्णतेतून खर्च करतो’ या वाक्याची. वाक्य तेच ठेवलं. त्याआधी आठ सेकंदांचं एक नवं दृश्य घातलं: सायकलच्या टायरमधली हवा सोडताना व्हॉल्व्हशी धरलेलं बोट आणि मॅडमचा आवाज, “ही हवा बोटाला गार लागते, आठवतं?”